कार्टनमध्ये येतं, बॉक्समध्ये राहतं, पीसमध्ये विकलं जातं: मेन युनिट कुठलं ठेवायचं?

प्रश्न: आमचं स्टेशनरीचं होलसेल आहे. गम ट्यूब, मार्कर, खोडरबर असा सगळा माल कंपनीकडून कार्टनमध्ये येतो, गोडाऊनला बॉक्स लावून ठेवतो आणि काउंटरवर पीस पण जातात. ईआरपीनेक्स्टमध्ये आयटमचं मेन युनिट बॉक्स ठेवलंय. स्टॉक कधीच जुळत नाही, रिपोर्टमध्ये ३७.९१२ बॉक्स असलं काहीतरी दिसतं. आता कंपनीनं पॅकिंग पण बदललंय, १२ च्या बॉक्सचा १० चा केला. मेन युनिट नक्की काय ठेवू आणि हे सगळं सरळ कसं करू?

उत्तर:

पीस ठेवा. म्हणजे तुमच्या काउंटरवर ज्याच्या खाली तुम्ही कधीच फोडून विकत नाही ते युनिट, आणि स्टेशनरीत ते नगच असतं. कार्टन आणि बॉक्स ही फक्त बोलायची आणि बिल लिहायची युनिटं, स्टॉकचा हिशोब आतमध्ये कायम नगातच चालला पाहिजे. मी गेली बरीच वर्षं व्यापाऱ्यांकडे हे सेटअप लावून देतोय आणि जिथे जिथे स्टॉक पॉइंटमध्ये दिसतो तिथे दहातल्या नऊ वेळा हेच कारण निघतं, मधलं युनिट मेन केलेलं असतं. गोडाऊनवाला बॉक्स मोजतो म्हणून बॉक्स, इतकंच लॉजिक असतं त्यामागे.

का ते एकदा आकड्यात बघा. तुमचीच गम ट्यूब घेऊ, जुनं पॅकिंग धरा, बॉक्समध्ये १२ नग, कार्टनमध्ये २४ बॉक्स, म्हणजे कार्टनला २८८ नग. मेन युनिट बॉक्स असेल तर एक नग म्हणजे १/१२ बॉक्स, आणि हा भागाकार संपतच नाही, ०.०८३३३३ असा चालूच राहतो. सिस्टीम सेटिंग्जमध्ये `Float Precision` हाताने बदललं नसेल तर ते ३ असतं, त्यामुळे ते ०.०८३ वर येऊन थांबतं. आता काउंटरवरून एकेक करून १२ ट्यूब गेल्या तर रॅकवरचा बॉक्स रिकामा झाला पण वहीतून गेले १२ × ०.०८३ म्हणजे ०.९९६ बॉक्स. ०.००४ बॉक्स वहीत शिल्लक राहिला जो जगात कुठेच नाही. अख्खं कार्टन सुट्टं विकलं की हा फरक ०.०९६ बॉक्स होतो, म्हणजे एक ट्यूब आणि वर थोडा चुरा. महिन्याला पन्नास कार्टन सुट्टी जात असतील तर जवळपास ५८ ट्यूबा वहीत आहेत आणि रॅकवर नाहीत. चोरी नाही, तूट नाही, नुसता भागाकार.

काही जण तर याहून पुढे जाऊन कार्टन मेन ठेवतात, कारण कंपनीचं बिल कार्टनमध्ये येतं आणि अकाउंटंटला ते सोपं पडतं. तिथे एक नग म्हणजे ०.००३४७२, तीन घरांत बसवला की ०.००३. २८८ नग विकले तरी वहीतून ०.८६४ कार्टनच जातं, एका कार्टनमागे ३९ ट्यूबांचा भूत स्टॉक! असं सेटअप मी प्रत्यक्ष बघितलंय, आणि ते लोक दर महिन्याला स्टॉक ॲडजस्टमेंटची एन्ट्री मारून पुढे जात होते.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की मग प्रिसिजन ६ करा ना, होईल सगळं ठीक. फरक कमी होतो, जात नाही, आणि वर प्रत्येक रिपोर्टमध्ये सहा घरांचे आकडे बघत बसावं लागतं. उलट नग मेन ठेवला की बाकी सगळे फॅक्टर पूर्णांक होतात, १२ आणि २८८, आणि गुणाकारात चुरा पडतच नाही. मोठ्यातून लहानाकडे गुणायचं, लहानातून मोठ्याकडे भागायची वेळच आणायची नाही.

आता सेटिंग. आयटम मास्टरमध्ये `Default Unit of Measure` ला `Nos`, आणि खाली `UOMs` च्या टेबलमध्ये `Box` ला `Conversion Factor` १२, `Carton` ला २८८. इथे एक चूक इतके लोक करतात की ती मी सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. कार्टनमध्ये २४ बॉक्स असतात म्हणून कार्टनसमोर २४ टाकतात. त्यांच्या डोक्यात साखळी असते, कार्टन ते बॉक्स २४, बॉक्स ते नग १२. पण सिस्टीमला साखळी कळत नाही, तिथला प्रत्येक फॅक्टर थेट मेन युनिटशी जोडलेला असतो. कार्टनसमोर २४ म्हणजे कार्टनमध्ये २४ नग, एवढंच तिला समजतं.

मग होतं काय बघा. कार्टन ४,०३२ रुपयांना, दहा कार्टन आली, बिल ४०,३२० चं. बरोबर फॅक्टर असेल तर स्टॉकला २,८८० नग चढतात १४ रुपयांनी. २४ टाकलं असेल तर २४० नग चढतात १६८ रुपयांनी. रुपयांची बाजू दोन्हीकडे तीच, ४०,३२०! कंपनीचं खातं जुळतं, जीएसटी जुळतो, अकाउंटंट निवांत. म्हणूनच ही चूक अकाउंटमध्ये कधी सापडत नाही, ती सापडते काउंटरवर, जेव्हा २४० नग विकून झाले की सिस्टीम म्हणते स्टॉक नाही आणि समोर तर नऊ कार्टन उभी असतात. तेव्हा काउंटरवाला वैतागतो आणि कुणीतरी स्टॉक सेटिंग्जमध्ये जाऊन `Allow Negative Stock` ला टिक मारून देतं, आणि मग कायमचा गोंधळ. ती टिक तुमच्याकडे असेल तर आधी काढा, ती तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करते फक्त.

याचीच सख्खी बहीण म्हणजे युनिट न बदलता एन्ट्री करणं. ऑपरेटरनं क्वांटिटी १० टाकली, रेट ४,०३२ टाकला, आणि युनिट `Nos` चं `Carton` करायला विसरला. पुन्हा रक्कम बरोबर, स्टॉक १० नग. हे टाळायला आयटमवर `Default Purchase Unit of Measure` ला `Carton` आणि `Default Sales Unit of Measure` ला `Nos` लावून ठेवा, म्हणजे खरेदीला आपोआप कार्टन येतं आणि विक्रीला नग. आणि `Nos` या युनिटच्या मास्टरमध्ये `Must be Whole Number` ला टिक असू द्या, मग अर्धा नग कुणाला टाकताच येत नाही. `Box` ला पण टिक लावा, पण बॉक्समध्ये चालू असलेले आणि सुट्टे विकले जाणारे जुने आयटम सगळे नगात आणून झाल्यावरच, नाहीतर खाली सांगितलेली ३७.४१७ बॉक्सची एन्ट्री सिस्टीम घेणार नाही. गिऱ्हाईक म्हणालं अर्धा बॉक्स द्या तर बिलात ६ नग लिहायचे, ०.५ बॉक्स नाही.

ओळखायचं कसं? पैशावरून. स्टॉक बॅलन्स रिपोर्ट काढा, व्हॅल्यूएशन रेटचा कॉलम बघा आणि शेजारी एमआरपी मांडा. नगाची किंमत एमआरपीच्या वर दिसली की कार्टन किंवा बॉक्सचा फॅक्टर लहान पडलाय नाहीतर कुणीतरी युनिट बदलायला विसरलंय. आणि २० च्या एमआरपीचा नग रुपया-सव्वा रुपयाला किंवा त्याच्याही खाली पडलेला दिसला तर उलटं झालंय, बॉक्सच्या रेटला कार्टन चढवलंय किंवा फॅक्टर दोनदा गुणला गेलाय. सहाशे आयटमची यादी असली तरी एक्सेलमध्ये या दोन अटींवर फिल्टर लावायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मोठे घोटाळे सगळे वर येतात.

आता तुमचा खरा प्रॉब्लेम, आयटम आधीच बॉक्समध्ये चालू आहे. व्यवहार झालेल्या आयटमचं मेन युनिट ईआरपीनेक्स्ट बदलू देत नाही, सरळ एरर देतं की नवा आयटम बनवा. लोकांना राग येतो पण ते बरोबरच आहे, कारण लेजरमध्ये आधीच्या सगळ्या ओळी बॉक्समध्ये लिहिलेल्या आहेत, त्या ३७ चे आता ३७ नग समजायचे का? तर नवा आयटम बनवायचा आणि माल त्यात ओतायचा. मी असं करतो.

शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आधी जुन्या आयटमच्या उघड्या परचेस ऑर्डर, सेल्स ऑर्डर आणि ड्राफ्ट बिलं निस्तरायची, उरतील त्या क्लोज. मग प्रत्यक्ष मोजायचं, पूर्ण बॉक्स वेगळे, सुट्टे वेगळे. समजा वहीत ३७.९१२ बॉक्स आहेत आणि मोजल्यावर ३७ बॉक्स आणि ५ सुट्टे निघाले. ३७ गुणिले १२ म्हणजे ४४४, अधिक ५, झाले ४४९ नग. पहिल्यांदा स्टॉक रिकन्सिलिएशन करून जुना आयटम खऱ्यावर आणायचा, ३७.४१७ बॉक्सवर. जो फरक आहे तो स्टॉक ॲडजस्टमेंट खात्यात जाऊ दे, तो तुमचा इतक्या दिवसांचा साचलेला भागाकार, चुकलेल्या एन्ट्र्या आणि खरी तूटफूट असं सगळं मिळून आहे, तो एकदा खर्ची पडलेला बरा.

त्यानंतर स्टॉक एन्ट्री, टाइप `Repack`. सोर्सला जुना आयटम ३७.४१७ बॉक्स, फिनिश्डला नवा आयटम ४४९ नग. रिपॅकचा फायदा असा की किंमत आपोआप पलीकडे जाते, हाताने रेट टाकायला लागत नाही. बॉक्स १६८ रुपयांचा असेल तर ६,२८६ रुपये आणि सहा पैसे इतका माल उचलला जातो आणि ४४९ नगांवर वाटला जातो, नगाला १४ रुपये पडतात, चुरा जो काय आहे तो चौथ्या दशांशात. हे दोन टप्पे एकात करायचा मोह होतो, म्हणजे वहीतले ३७.९१२ सोर्सला टाकून थेट ४४९ नग काढायचे. करू नका. तूट मग नगाच्या किमतीत मुरते, तूट होती हेच कुठे दिसत नाही आणि पुढचा मार्जिन रिपोर्ट वाकडा होतो.

बारकोड असेल तर तो आधी जुन्या आयटमवरून काढायचा, एकच बारकोड दोन आयटमवर सिस्टीम घेत नाही. नव्यावर लावताना बारकोडच्या टेबलमध्ये शेजारी युनिटचा पण कॉलम आहे, तिथे नगाच्या बारकोडला `Nos` आणि कार्टनवरच्या वेगळ्या बारकोडला `Carton` लावा. तो कॉलम रिकामा सोडून कार्टन स्कॅन केलं की एक नग चढतो, परत तेच. शेवटी जुना आयटम `Disabled`, डिलीट नाही, जुनी बिलं त्याच्यावर आहेत.

सगळे सहाशे आयटम एका शनिवारी करायला जाऊ नका. मी आधी जे सुट्टे सगळ्यात जास्त जातात ते चाळीस पन्नास घेतो. जो माल तुम्ही कधी फोडतच नाही, सील बॉक्सच जातो, तो बॉक्समध्ये राहिला तर काही बिघडत नाही, त्याला भागाकार लागतच नाही. पण पुढेमागे एक जरी गिऱ्हाईक त्यातला नग मागेल अशी शक्यता असली तर त्याला पण नगातच आणून ठेवा.

पॅकिंग बदललंय त्याचं आता. इथे लोक काय करतात, आयटम मास्टर उघडतात, बॉक्सचा १२ चा १० करतात, कार्टनचा २८८ चा २४० करतात, सेव्ह. आणि वाटतं झालं. जुनी सबमिट झालेली बिलं खरंच बिघडत नाहीत, कारण प्रत्येक ओळीत त्या दिवशीचा फॅक्टर साठवलेला असतो. बिघडतं ते मधलं, म्हणजे आधी काढून ठेवलेली परचेस ऑर्डर. तिच्यात २८८ बसलेला असतो, तिच्यावरून रिसीट बनवली की २८८ च पुढे येतो, आणि माल मात्र २४० चा आलेला असतो.

यावरून एक किस्सा सांगतो, असाच एका बाजारपेठेतला स्टेशनरीवाला, नाव गाव नको. त्याच्याकडे नगात मोजणी सुरू होती, सगळं शिस्तीत, आणि एका महिन्यात एका आयटमला बरोबर १४४ नग कमी आले. १४४ म्हणजे अर्धं कार्टन. मालकाचा हिशोब लगेच झाला, पोरानं अर्धी पेटी मागच्या दारानं काढली. काउंटरवरच्या पोराला दोन दिवस घरी बसवलं होतं, मी गेलो तेव्हा. मी गोडाऊनवाल्याला म्हटलं मला त्या मालाची एक रिकामी पेटी दाखवा. रद्दीत पडलेली होती, बाजूला छापलेलं होतं १० × २४ = २४०. गेल्या महिन्यात नव्या पॅकिंगची तीन कार्टन आलेली, जुन्या ऑर्डरवरून चढवलेली, तीन वेळा ४८ म्हणजे १४४. पोरगं परत आलं कामावर, मालकानं चहा पाजला त्याला, माफी काय मागितली नाही.

पण मला त्यातलं खरं महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. कंपनीनं कार्टनचा रेट पण कमी केला होता, नगाला १४ च धरून २४० चे ३,३६०. अकाउंटंटनं ऑर्डरवरचा ४,०३२ खोडून बिलाप्रमाणे ३,३६० केला, रक्कम जुळली, तो खूश. कार्टनचा रेट एकदम ६७२ रुपयांनी का उतरला हे त्याला विचारावंसं वाटलं नाही. सिस्टीममध्ये नग पडला ३,३६० भागिले २८८ म्हणजे ११.६७ ला, आणि त्या महिन्यात त्या आयटमचा नफा छान दिसला. तर हे लक्षात ठेवा, नगाची किंमत कुठलीही स्कीम नसताना अशी १५-२० टक्क्यांनी घसरली की पॅकिंग बघायला गोडाऊनला जायचं. कंपनीच्या बिलावर बहुतेक वेळा कार्टनच्या शेजारी एकूण नग पण छापलेले असतात, माल उतरवून घेणाऱ्यानं रिसीटवर तो आकडा टॅली करायची सवय लावली तर हे तिथेच पकडलं जातं.

तर फॅक्टर बदलायचा नाही, नवं युनिट बनवायचं. `Box 12` आणि `Box 10`, `Carton 288` आणि `Carton 240`. नावातच आकडा. दिसायला गबाळं दिसतं मान्य आहे, पण बिल करणाऱ्याला निवडताना विचार करावा लागतो आणि तेच पाहिजे. नुसतं `Box` नावाचं युनिट वेगवेगळ्या आयटमला वेगवेगळ्या फॅक्टरचं चालतं, त्यात चूक नाही, पण एकाच आयटमचे दोन पॅक एकाच वेळी गोडाऊनला असतील तर एका नावात दोन आकडे मावत नाहीत. जुना माल संपला की `Box 12` त्या आयटमच्या टेबलमधून काढून टाका. आणि नवी युनिटं बनवली की जीएसटी सेटिंग्जमध्ये त्यांची यूक्यूसीशी, म्हणजे जीएसटीच्या ठरलेल्या युनिट कोडशी, जोडणी करायला विसरू नका, `Box 12` आणि `Box 10` दोन्ही `BOX` ला, दोन्ही कार्टन `CTN` ला, नाहीतर ई-इनव्हॉइस आणि जीएसटीआर-१ च्या एचएसएन समरीत ते `OTH` मध्ये जाऊन बसतं.

आयटम मात्र तोच ठेवायचा का नवा, हे ट्यूबवर अवलंबून आहे, बॉक्सवर नाही. ट्यूब तीच, ग्रॅम तेच, बारकोड तोच आणि फक्त बाहेरचा खोका बदलला, तर आयटम तोच. कंपनीनं ट्यूबच लहान केली असेल, ५० ग्रॅमची ४५, तर नवा आयटम, कारण तो नग आता तो नगच नाही. नुसती एमआरपी बदलली असेल तर मी बॅचवर ढकलतो, पण तो वेगळा विषय आहे.

विक्रीच्या रेटचं एक. आयटम प्राइसमध्ये युनिटचा रकाना असतो. तुम्ही सुट्टी ट्यूब १७ ला देता आणि १२ चा अख्खा बॉक्स घेतला तर १९८ ला, म्हणजे साडेसोळानं, तर दोन्ही प्राइस वेगवेगळ्या ओळीत टाका, एक `Nos` ला १७, एक `Box 12` ला १९८. बॉक्सचा वेगळा रेट नसेल तर सिस्टीम १७ ला १२ नं गुणते आणि २०४ लावते, मग काउंटरवाला हातानं रेट बदलायला लागतो आणि एकदा हातानं रेट बदलायची सवय लागली की कुठलाच रेट खरा राहत नाही.

गोडाऊनवाल्याचं काय, तो म्हणणार मला ४४९ नको सांगू, मला बॉक्स सांग. बरोबर आहे त्याचं. स्टॉक बॅलन्स रिपोर्टला `Include UOM` नावाचं फिल्टर आहे, त्यात बॉक्स निवडला की शेजारी बॉक्समधला आकडा येतो, पण तो परत ३७.४१७ असाच येतो आणि तो वाचून कुणी रॅक मोजू शकत नाही. मी मोजणीची शीट एक्सेलमध्ये काढून देतो, B कॉलमला नग, C ला बॉक्समधले नग, आणि पुढे दोन फॉर्म्युले:

```
=INT(B2/C2)
=MOD(B2,C2)
```

पहिल्यात ३७ येतं, दुसऱ्यात ५. शीटवर रकाने पण तसेच, «पूर्ण बॉक्स» आणि «सुट्टे», आणि मोजणारा तेच दोन आकडे भरतो, गुणाकार त्याच्याकडून करून घ्यायचा नाही. फक्त दोन पॅकिंगचा माल एकत्र असेल तोपर्यंत १० वाल्या बॉक्सना वेगळी ओळ द्या, शीटवर पण आणि रॅकवर पण, मी तर जाड मार्करनं खोक्याच्या तोंडावर १० लिहायला सांगतो कारण लांबून दोन्ही खोके एकसारखेच दिसतात आणि मोजणारा ते १२ च धरून पुढे जातो. दुसरा नियम, एका आयटमचा एका वेळी एकच बॉक्स फुटलेला असावा. काउंटरला वेगळा आणि गोडाऊनला वेगळा असे दोन तीन अर्धे बॉक्स फिरायला लागले की मोजताना एखादा पूर्ण म्हणून धरला जातोच, झाकण बंद केलेलं असतं ना.

आता मोजून फरक आलाच तर त्या आकड्याकडे जरा बघा, तो बऱ्याचदा स्वतःच सांगतो काय झालंय. अकाउंटवाले फरक ९ नं भागून बघतात, आकडे उलटसुलट झालेत का ते कळतं, तसंच हे. बॉक्सच्या जागी नग लिहिला गेला, तर एका बॉक्समागे १२ वजा १ म्हणजे ११ चा फरक पडतो. फरक ३३ आला तर ३ बॉक्स कुणीतरी ३ नग म्हणून लिहिलेत, बहुतेक एकाच बिलात, ते बिल शोधायला मग पाच मिनिटं लागतात. कार्टनच्या जागी नग असेल तर २८७ च्या पटीत, कार्टनच्या जागी बॉक्स असेल तर २७६ च्या पटीत. आधी सांगितलेली २४ वाली चूक असेल तर कार्टनमागे २६४, आणि जुनं कार्टन नवं कार्टन झालं असेल तर ४८. दोन चुका एकत्र मिसळल्या की हे चालत नाही, म्हणूनच तर मोजणी महिन्यातून एकदा सगळ्याची करण्यापेक्षा रोज सात आठ आयटमची करा, फरक लहान आणि ताजा असतो. फरक दिसला की आधी वही वर आहे का रॅक वर आहे ते बघा, वहीत जास्त असेल तर विक्रीचं बिल चुकलं असण्याची शक्यता जास्त किंवा खरेदी फुगली, रॅकवर जास्त असेल तर खरेदी कमी चढलीय. आणि ५, ७ असले आकडे असतील जे कशानंच भागले जात नाहीत, ते खरोखरचे सुट्टे गेलेले असतात, सॅम्पल म्हणून दिलेले, गळालेली ट्यूब, दुकानात वापरायला काढलेली.

तुमच्याकडे मार्करचा बॉक्स १० चा असेल तर तिथे ११ ऐवजी ९ नं भागायचं, म्हणजे प्रत्येक आयटमचा आकडा वेगळा, तो मोजणीच्या शीटवर C कॉलम आहेच त्याच्यातून एक वजा केला की झालं. एक सांगायचं राहिलं, खिळे, रबर बँड असला माल जो किलोवर घेता आणि नगावर किंवा पाकिटावर देता, त्याला हे काही लावू नका, तिथे किलोत किती नग हे दर लॉटला बदलतं, फॅक्टर ठरवताच येत नाही. तो किलोतच ठेवा आणि पाकीट भराल तेव्हा वजन करून रिपॅकची एन्ट्री करा.